बलूनचे तिकीट काढण्याआधी पहाटा मोजाव्यात

प्रश्न: आम्ही नागपूरहून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुर्कस्तानला जात आहोत. आम्ही दोघे, 8 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. इस्तंबूलला 5 रात्री आणि कॅपाडोकियाला 2 रात्री आहेत. तिथल्या बलूनचे माणशी 18,000 रुपये सांगितले आहेत, म्हणजे चौघांचे 72,000. हवामानामुळे उड्डाणे रद्द होतात असेही ऐकले. एवढे पैसे घालावेत का, की खालूनच बलून बघावेत? की हे सोडून पुढच्या वर्षी काठमांडूहून एव्हरेस्टची विमानफेरी करावी?

उत्तर: तिघांसाठी पैसे घालावेत, पण इस्तंबूलची एक रात्र काढून कॅपाडोकियाला देता येत असेल तरच. सासूबाईंचे तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण पुढे सांगतो. रात्रींची वाटणी बदलणे शक्य नसेल, तर बलूनला सहलीचे मुख्य आकर्षण मानू नका. जमले तर जमले, एवढीच त्याची जागा ठेवा. नागपुरातून कुटुंबांच्या परदेश सहली आखण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि बलूनबाबतची निराशा मी जवळून पाहिली आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी तिचे मूळ तिकिटाच्या किमतीत नव्हते, हाती असलेल्या पहाटांच्या संख्येत होते.

उड्डाण रद्द का होते हे आधी नीट समजून घ्यावे, कारण ते कळले की पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. बलूनला सुकाणू नसते आणि ब्रेकही नसतो. तो वाऱ्याबरोबर वाहतो. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहत असतो, त्यामुळे पायलट वर-खाली जाऊन हवी ती दिशा शोधतो, आणि त्याच्या हातात एवढेच असते. वाऱ्याच्याच वेगाने जात असल्यामुळे वर बास्केटमध्ये उभ्या असलेल्या माणसाला वारा जाणवतही नाही. अडचण उतरताना येते. प्रवासी बलूनच्या पिशवीत कित्येक हजार घनमीटर हवा असते आणि त्या हवेचेच वजन काही टन भरते. एवढे वस्तुमान वाऱ्याच्या वेगाने जमिनीला टेकले, तर बास्केट फरफटत जाते किंवा आडवी होते. म्हणून जमिनीलगतचा वारा सुमारे 10 नॉटच्या, म्हणजे ताशी अठरा-साडेअठरा किलोमीटरच्या वर असेल किंवा तासाभरात जाण्याची शक्यता असेल, तर जबाबदार पायलट उडत नाही. याच कारणासाठी उड्डाणे सूर्योदयाच्या सुमारास ठेवतात. ऊन जमिनीवर पडून ती तापू लागली की गरम हवेचे झोत वर उठतात, वारा अस्थिर होतो आणि उतरण्याची सुरक्षित वेळ संपत जाते. धुके आणि पाऊस ही रद्द होण्याची आणखी दोन कारणे आहेत, पण वाऱ्याएवढी ती कोड्यात टाकत नाहीत, कारण ती खिडकीतून दिसतात.

वारा दिसत नाही, आणि गैरसमज नेमका तिथे होतो. आपल्याकडे संक्रांतीला पहाटे गच्चीवर उभे राहिल्यास पानही हलत नसते, पण कसाबसा वर नेलेला पतंग एकदा उंचीवर गेला की मांजा हातातून ओढून घेतो, हा अनुभव प्रत्येक नागपूरकराला आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरचा जोरदार वारा तिच्यावरून सरकत राहतो, त्यामुळे असे होते. कोणत्या उंचीवर किती वारा आहे हे मोजायला आपल्या सोनेगावहूनही हवामान खाते उपकरण बांधलेला बलून पहाटे आणि संध्याकाळी आकाशात सोडते. कॅपाडोकियात हॉटेलच्या गच्चीवर शांत वाटणारी हवा दोनशे-तीनशे मीटरवर वेगळी असू शकते, आणि निर्णय त्या वरच्या हवेवर आणि पुढच्या दीड-दोन तासांच्या अंदाजावर होतो.

हा निर्णय बलूनची कंपनी घेत नाही, ही तिथली फार चांगली बाब आहे. तुर्कस्तानच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या अखत्यारीतले केंद्र हवामानाची माहिती पाहून त्या सकाळसाठी बावटा जाहीर करते. हिरवा म्हणजे उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा आणि लाल म्हणजे रद्द. लाल असेल तर त्या भागात कोणाचाच व्यावसायिक बलून उडत नाही. त्यामुळे ‘आम्ही खात्रीने उडवू’ असे कोणी सांगत असेल, तर तो त्याच्या हाती नसलेली गोष्ट विकतो आहे, आणि त्याच्याकडून तिकीट न घेणे हेच शहाणपणाचे. एवढी काळजी घेऊनही जोखीम शून्य होत नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे जोराच्या वाऱ्यात उतरताना झालेल्या अपघातात दोन स्पॅनिश पर्यटक दगावले होते. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. लाल बावट्यावर चिडू नये, एवढाच सांगण्याचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझ्यामार्फत गेलेल्या एका कुटुंबाच्या आग्रहाखातर मी कॅपाडोकियाला एकच रात्र ठेवली होती. लाल बावटा लागला. त्या गृहस्थांनी सकाळी सहाला मला फोन करून सांगितले की बाहेर झुळूकही नाही, आपल्याला फसवले आहे. दहाच्या सुमारास त्यांचाच फोन पुन्हा आला, तेव्हा मागे वाऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तिकिटाचे पैसे परत मिळवतानाही त्रास झाला, कारण ते तिकीट तिथल्या एका मध्यस्थाकडून घेतले होते आणि तो पैशांऐवजी जीपची सफर गळ्यात मारू पाहत होता. शेवटी पैसे मिळाले. पण कॅपाडोकियाला ज्या एका गोष्टीसाठी ते गेले होते, तिच्यासाठी एकच पहाट ठेवण्याची चूक मी मान्य करायला नको होती.

आता तुमच्या 2 रात्रींकडे पाहू. 2 रात्री म्हणजे 2 पहाटा असे कागदावर दिसते, परंतु दुसरी पहाट ही निघण्याच्या दिवसाची आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्योदय सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान होतो. बलून त्याच सुमारास वर जातो, तासभर हवेत राहतो, आणि उतरल्यावर हॉटेलवर पोहोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. बावटा पिवळा राहून उड्डाण उशिरा झाले, तर दहाही वाजतील. तिथून कायसेरीचा विमानतळ तासाभराहून अधिक अंतरावर आहे आणि विमानाआधी दीड तास तरी पोहोचायला हवे. म्हणजे तुमचे इस्तंबूलचे विमान दुपारी एकच्या आधीचे असेल, तर दुसरी पहाट तुमच्याकडे नाहीच. प्रथम तिकिटावरची ती वेळ पाहा. मी पाहिलेल्या बहुतेक तयार सहलींत परतीचे विमान सकाळचेच असते, कारण ते स्वस्त पडते.

तीन रात्री ठेवून परतीचे विमान दुपारनंतरचे घेतले, तर 3 खऱ्या पहाटा मिळतात. याने नेमके किती साधते? कॅपाडोकियात जुलै ते सप्टेंबर हा सर्वांत भरवशाचा काळ, डिसेंबर ते मार्च सर्वांत बेभरवशाचा, आणि तुमचा नोव्हेंबर मधला. समजा, एखाद्या नोव्हेंबरच्या पहाटे उड्डाण होण्याची शक्यता 10 पैकी 6 धरली. हा आकडा मी केवळ हिशेबासाठी घेत आहे. एकच पहाट असेल, तर शक्यता 60 टक्के. दोन असतील, तर 84 आणि तीन असतील, तर 94 टक्के, असे साधे गणित सांगते. हे गणित प्रत्येक दिवस स्वतंत्र मानते, आणि हवामान तसे नसते. वाऱ्यापावसाची एखादी प्रणाली आली की दोन-तीन दिवस मुक्काम करते, म्हणून लाल पहाटेच्या पाठोपाठ लाल पहाट येण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे 84 च्या जागी मी मनात सत्तरच्या आसपास आणि 94 च्या जागी ऐंशीच्या आसपास धरतो. तरीही एका पहाटेपेक्षा तीन पहाटांनी फार मोठा फरक पडतो, आणि त्यासाठी इस्तंबूलचे 5 दिवस 4 होतात, एवढीच किंमत आहे. तेथे चार रात्रींत मुख्य स्थळे व्यवस्थित होतात. उलट चौथी रात्रही कॅपाडोकियाला द्यावी असे मी म्हणणार नाही, कारण तिने शक्यता थोडीच वाढते आणि इस्तंबूल मात्र घाईचे होते.

पैशांचा हिशेब यानंतरच करावा. हवामानामुळे उड्डाण रद्द झाले, तर पूर्ण रक्कम परत देण्याची तिथल्या चांगल्या कंपन्यांची पद्धत आहे, त्यामुळे 18,000 रुपये बुडण्याची भीती खरी नाही. तोटा दोन ठिकाणी होतो. एक, आपल्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार सहसा दोन ते साडेतीन टक्के लागतो आणि तो परताव्याबरोबर परत येत नाही. तिघांच्या 54,000 रुपयांवर ते साडेतीन टक्क्यांच्या दराने 1,890 रुपये होतात, आणि दरम्यान युरोचा भाव उतरला, तर आणखी थोडे जातात. म्हणून आगाऊ थोडीच रक्कम घेऊन उरलेली उड्डाणाच्या दिवशी घेणारी कंपनी मिळाली, तर तिला प्राधान्य द्यावे. दुसरा तोटा मोठा आहे आणि त्याबद्दल लोक विचारतच नाहीत. पहिल्या दिवशी रद्द झाले, तर दुसऱ्या दिवशी तुमची जागा आपोआप राखलेली असते का? बहुतेक ठिकाणी नसते. दुसऱ्या दिवशीच्या जागा त्या दिवशीच्या प्रवाशांनी आधीच घेतलेल्या असतात, एका वेळी किती बलून वर जाऊ शकतात यावरही मर्यादा आहे, आणि दोन लाल दिवसांनंतरच्या हिरव्या पहाटेला उरलेल्या जागांचे भाव भडकलेले असतात. तेव्हा नोंदणी करतानाच कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: रद्द झाल्यास पैसे रोख रकमेने परत की केवळ दुसरी तारीख, दुसऱ्या पहाटेला आम्हाला आधी संधी आहे का, आणि तेव्हा दर तोच राहील का. नोंदणी नेहमी पहिल्याच पहाटेची करावी. आधी थोडे फिरू, मग शेवटच्या दिवशी बलून, हा क्रम मनाला बरा वाटतो, पण त्यात राखीव पहाट एकही उरत नाही.

किमतीत काय मिळते हेही उघड विचारावे. स्वस्त तिकिटावर हवेतला वेळ तासाऐवजी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असू शकतो, आणि मोठ्या बास्केटमध्ये वीसहून अधिक माणसे उभी असतात. माझ्या मते वेळ महत्त्वाचा, माणसांची संख्या दुय्यम. बास्केटचे कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याला एक कड मिळतेच. बलून हळूहळू फिरत असल्याने दृश्यही सर्वांच्या वाट्याला येते. उतरल्यावरचे प्रमाणपत्र, पेय आणि पदक यांसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी आपल्या प्रवास विम्याच्या कागदांवर हॉट एअर बलून वगळलेला आहे का, हे पाहण्यात वेळ घालवावा. अनेक विमा योजनांत तो साहसी खेळांत मोडतो आणि वगळलेला असतो.

आता सासूबाईंविषयी. बलूनच्या बास्केटला दार नसते. कडेला पाय ठेवण्यासाठी केलेल्या खाचांतून छातीएवढी कड चढून आत उतरावे लागते. आत बसायला जागा नसते, तासभर उभे राहावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरताना सगळ्यांना गुडघे वाकवून, दोर किंवा मुठी घट्ट धरून, धक्का सोसण्याच्या पवित्र्यात थांबावे लागते. बहुतेक वेळा धक्का हलका असतो, पण कधी बास्केट उडी मारत थांबते आणि कधी कलंडते. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे, कंबर किंवा हाडांचा ठिसूळपणा यांपैकी काहीही असल्यास हा धोका पत्करू नये. त्या स्वतः उत्सुक असतील, तर निघण्यापूर्वी नागपुरातल्या त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना हीच माहिती जशीच्या तशी सांगून त्यांचे मत घ्या. केवळ ‘बलूनमध्ये बसू का?’ असे विचारले, तर डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे जत्रेतला पाळणा येतो आणि ते सहज हो म्हणतात. मुलीबाबत वयाची अडचण येऊ नये, कारण साधारणपणे 6 वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. मात्र काही ठिकाणी उंचीचीही अट असते आणि बास्केटची कड तिच्या डोळ्यांच्या वर येत असेल, तर तिचा निम्मा वेळ पायांच्या खाचेतून बघण्यात जाईल. घरच्या भिंतीवर 110 सेंटिमीटरवर खूण करून तिला तिच्यासमोर उभे करा. हनुवटी त्या खुणेच्या वर आली, तर तिकीट सार्थकी लागेल. थंडी मात्र गंभीरपणे घ्या. त्या वेळी पहाटे पारा शून्याच्या जवळ असतो, आणि आपल्या डिसेंबरच्या स्वेटरवर ते भागत नाही.

खालून बघण्याचा पर्याय मला मनापासून आवडतो, आणि सासूबाईंसाठी तर तो उत्तमच आहे. गोरेमे गावालगतच्या टेकडीवरून किंवा चांगल्या गच्चीच्या हॉटेलमधून एकाच वेळी पन्नास-शंभर बलून उगवतीच्या उजेडात वर येताना दिसतात, आणि हे दृश्य बलूनमध्ये बसलेल्यालाही इतके सलग दिसत नाही. त्यासाठी हॉटेल निवडताना पूर्वेकडचे जेवणघर किंवा गच्ची आहे का आणि तिथे जिने किती आहेत, हे विचारून घ्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हा पर्याय बलूनचा पूरक आहे, बदली नाही. लाल बावटा असेल तेव्हा खालून बघण्यासारखेही आकाशात काही नसते. वाऱ्याच्या दिवशी उपयोगी पडेल असा पर्याय वेगळाच आखायला हवा. तुम्ही तिघे कायमाक्ली किंवा देरिनकुयू ही भूमिगत शहरे बघू शकता. आत वारा-पाऊस काही नसतो, पण बोगदे बुटके आणि उतार अवघड आहेत, म्हणून सासूबाईंनी ती टाळावीत. पाशाबाग येथील छत्रीसारख्या डोक्याचे दगडी सुळके सपाट वाटेने जाऊन बघता येतात, आणि तो अर्धा दिवस चौघांनी एकत्र घालवावा. गोरेमेचे उघडे संग्रहालयही, म्हणजे खडकात कोरलेली चर्चे, रद्द दिवसासाठी राखून ठेवता येईल. बलून झाला, तर ते दुपारी बघता येतेच.

काठमांडूच्या विमानफेरीशी तुम्ही केलेली तुलना योग्य आहे, पण त्या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी बसत नाहीत. तिथे छोट्या प्रवासी विमानात बसून हिमालयाच्या रांगेसमोरून पूर्वेकडे जाऊन परत यायचे असते. सगळे मिळून सुमारे तासाभराचे काम. जाताना शिखरे डाव्या हाताला आणि येताना उजव्या हाताला असतात, आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल अशाच जागा भरतात. बसण्याची खुर्ची, पट्टा, जिना, नेहमीची धावपट्टी, म्हणजे सासूबाईंना हे आरामात जमेल. हवामानाचा प्रश्न तिथेही आहे, पण त्याचे रूप वेगळे आहे. विमान वारा सहन करते, अडते ते धुक्यावर आणि ढगांवर. हिवाळ्याच्या सकाळी धुक्यामुळे उड्डाण काही तास लांबते, तर पावसाळ्यात ढगांमुळे उडूनही काही दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ चांगला. आधी ठरवावे लागेल ते हे की तुम्हाला शिखरे बघायची आहेत की आवाजाविना तरंगण्याचा अनुभव हवा आहे. शिखरे हवी असतील, तर बलूनवर 54,000 घालू नका आणि सासूबाईंसह काठमांडूला जा. तरंगणे हवे असेल, तर विमानाच्या काचेतून ते मिळत नाही. घरात एकदा चौघांनी बसून याचे उत्तर द्यावे. मुलीला विचारायला विसरू नका.

कॅपाडोकियाकडे कल झाला, तर दोन मर्यादा नागपुरातच लिहून ठेवा. पहिली दराची. पहिली पहाट रद्द झाली आणि दुसऱ्या पहाटेसाठी जादा दर मागितला, तर माणशी किती रुपयांपर्यंत हो म्हणायचे? तुमच्या जागी मी 24,000 हा आकडा ठरवला असता आणि त्यापलीकडे गेलो नसतो. लॉबीत रात्री नऊ वाजता, उद्या शेवटची संधी आहे असे ऐकताना ठरवलेला आकडा नेहमी चुकतो. दुसरी मर्यादा दिवसांची. तिन्ही पहाटा लाल निघाल्या, तर मुक्काम वाढवायचा नाही, ठरलेल्या विमानाने इस्तंबूलला परतायचे. मुक्काम वाढवण्यासाठी विमान, हॉटेल आणि पुढची नोंदणी बदलण्याचा खर्च चौघांचा होईल, उडणार मात्र तिघेच, आणि तोच वारा चौथ्या पहाटेलाही असण्याची शक्यता मोठी.

तिकडे पोहोचल्यावर रोज संध्याकाळी हॉटेलच्या माणसाला दुसऱ्या दिवशीचा बावट्याचा अंदाज विचारा, पण झोपताना सगळी तयारी हिरव्याचीच ठेवा, कारण संध्याकाळचा अंदाज पहाटे बदललेला मी दोन्ही दिशांनी पाहिला आहे. सासूबाईंसाठी गच्चीवर खुर्ची, शाल आणि थर्मासमध्ये चहा यांची व्यवस्था आदल्या रात्रीच करून ठेवा, आणि तुमच्या बलूनचा रंग गाडीत बसल्यावर कळला की तो त्यांना फोन करून सांगा.